सुकटाचा वास, तुंबलेलं चेंबर आणि माझी सही

कट्टेकरी (धागाकर्ता)

आधी प्रसंग सांगतो. आमच्या सोसायटीच्या कमिटीत मी सेक्रेटरी आहे, म्हणजे दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं म्हणून. दोन आठवड्यांपूर्वी मीटिंग होती. क्लबरूममध्ये रंगकाम चालू असल्यामुळे खुर्च्या खाली पार्किंगमध्ये मांडल्या आणि नेमकं त्याच दिवशी मागचं ड्रेनेजचं चेंबर तुंबून वर आलं होतं. सात जण नाकाला रुमाल लावून दीड तास बसलो होतो. विषय क्रमांक चार : दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरू बाईंच्या घरातून येणारा सुक्या मासळीचा वास. तीन तक्रारी होत्या. एरवी पार्किंगच्या एका रेघेवरून तासभर भांडणारे आम्ही, या विषयाला सहा मिनिटांत मोकळे झालो. घरमालकाला पत्र द्यायचं : 'अस्वच्छतेच्या कारणास्तव' करार वाढवू नये. सही माझी.

दुसऱ्या दिवशी ते पत्र फाइलला लावताना 'अस्वच्छता' या शब्दापाशी अडलो. मी मीटर तपासायला त्या घरात गेलेलो आहे. ओटा आमच्या ओट्यापेक्षा स्वच्छ होता. मग अस्वच्छ काय होतं?

पूर्वी कुठेतरी वाचलं होतं की घाण वासाच्या खोलीत बसवलं तर माणसं इतरांच्या चुकांना जास्त कडक शिक्षा सांगतात. तर प्रश्न असा, की ती सही माझी होती की चेंबरची? थट्टा नाही, खरंच विचारतोय.

गवती चहा

चेंबर तुंबल्यावर बांबूच्या फोका घालत बसू नका. जेटिंगची गाडी मागवा. आणि वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्याआधी. खालच्या दोन मजल्यांच्या किचनच्या लायनीत तेल गोठतं, तिथेच सगळं अडकतं. आमच्याकडे दोन वर्षं हाच त्रास होता.

कट्टेकरी

धन्यवाद, पण धागा ड्रेनेजचा नाही हो.

शास्त्रशुद्ध

तुम्ही वाचलंय ते बरोबर आहे, सिद्ध झालेली गोष्ट आहे. अमेरिकेत कचऱ्याच्या पिशवीत पादासारख्या वासाचा स्प्रे मारून ठेवला आणि शेजारी उभ्या असलेल्या लोकांना नैतिक प्रश्न विचारले. वासात उभे असलेले जास्त कडक वागले. म्हणजे सही निम्मी चेंबरची.

पण मी एक पाऊल पुढे जाऊन म्हणेन की यात वाईट काय? किळस ही निसर्गाने दिलेली धोक्याची घंटा आहे. सडलेलं मांस, विष्ठा, पू, सगळीकडे रोगजंतू. ज्यांना किळस आली नाही ते मेले, ज्यांना आली त्यांचे आपण वंशज. एखाद्या वागण्याची शिसारी येते तेव्हा त्यातही काहीतरी शहाणपण असणार. भाषा बघा ना. 'कुजकं बोलणं', 'नासका माणूस', 'चारित्र्यावर डाग', 'तोंड विटाळणं'. आपल्या पूर्वजांनी उगीच जोडलेलं नाही हे.

पाटीपेन्सिल

सामाजिक मानसशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे या स्प्रेशी जुनी ओळख आहे. आधी त्याचा हिशोब चुकता करू, मग कट्टेकरींच्या सहीकडे वळू.

तो प्रयोग २००८ चा, सिमोन श्नाल आणि सहकाऱ्यांचा. एकूण चार प्रयोग होते. वासाचा एक. दुसऱ्यात माणसाला गलिच्छ टेबलाशी बसवलं : पिझ्झाचा तेलकट खोका, भरून वाहणारी कचऱ्याची टोपली, चघळलेलं पेन. एकात स्वतःचा किळसवाणा अनुभव लिहायला लावला, एकात घाणेरड्या संडासाचं सिनेमातलं दृश्य दाखवलं. मग सगळ्यांना छोटे छोटे प्रसंग वाचायला देऊन विचारलं, हे किती चूक? किळस आलेल्यांनी थोडे जास्त गुण दिले. पण शास्त्रशुद्ध, एक गोष्ट तुमच्या सांगण्यात गळली. टेबलाच्या आणि पुढच्या प्रयोगांत हा फरक सगळ्यांच्यात नव्हता. ज्यांचं आपल्या शरीराकडे बारीक लक्ष असतं, पोटात ढवळलेलं ज्यांना लगेच कळतं, त्यांच्यातच दिसला.

पुढे २०१५ मध्ये लँडी आणि गुडविन यांनी अशा प्रकारचे पन्नासेक अभ्यास गोळा केले, छापलेले आणि कपाटात पडून राहिलेले, दोन्ही. सगळे मिळून जो परिणाम निघाला तो किती, ते आकड्याऐवजी असं सांगते : घाण वासातला एक माणूस आणि साध्या खोलीतला एक माणूस चिठ्ठ्या टाकून निवडला, तर वासातला जास्त कडक निघण्याची वेळ शंभरातून त्रेपन्न. नाणं उडवलं तर पन्नास. आणि छापलेल्या अभ्यासांत परिणाम मोठा, न छापलेल्यांत जवळजवळ नाहीच, हे लक्षात घेऊन दुरुस्ती केली तर तेवढाही उरतो का याची शंका. वास आणि चव वापरलेल्या प्रयोगांत आकडा जरा बरा होता, पण पुढे कडू पेयाचा प्रयोग अनेक प्रयोगशाळांनी मिळून परत केला, तेव्हा त्याचाही धुव्वा उडाला.

म्हणून कट्टेकरी, चेंबर बहुतेक निर्दोष आहे.

कट्टेकरी

म्हणजे दोषी मी. बरं झालं विचारलं!

शास्त्रशुद्ध

पन्नास अभ्यासांत एकत्र परिणाम शून्य नाही, हे तुम्हीच सांगताय. आणि प्रयोगशाळेत पाच मिनिटं स्प्रे, इथे दीड तास खरं गटार. तुलना कशी होईल?

पाटीपेन्सिल

हा मुद्दा रास्त आहे. दीड तास गटाराशेजारी बसवून कुणी प्रयोग केलेला मला माहीत नाही. पण उलटंही होऊ शकतं. वास कुठून येतोय हे समोर दिसत असलं की माणूस तो त्या जागच्या खात्यावर टाकतो, 'शी, चेंबर!' म्हणतो आणि मोकळा होतो. या प्रयोगांमागची कल्पनाच अशी होती की भावना कुठून आली ते कळलं नाही तरच ती शेजारच्या निर्णयात झिरपते. तुमचं चेंबर तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

मला त्या मीटिंगमध्ये दुसराच वास महत्त्वाचा वाटतो, जो तिथे नव्हताच. सुकटाचा. तो सातही जणांनी आठवून आणला होता. भलतीकडून आलेली किळस आणि ज्या गोष्टीचा न्याय करायचाय तिचीच किळस, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचे पुरावे ढासळले. दुसरीचे चांगले टिकलेत.

खाडीकाठ

मधेच बोलते, कारण माझंच खाणं चर्चेला आहे. सुकट म्हणजे सुकवलेला जवळा हो, बोटाच्या पेराएवढीसुद्धा नसते कोळंबी. आधी सुपात पाखडायची, रेती आणि मिशा जातात. मग कोरड्या तव्यावर भाजायची, कुरकुरीत होईस्तो. तो जो वास तुमच्या मजल्यापर्यंत चढतो तो या दहा मिनिटांचा. नंतर पाण्यातून काढली, कांदा, तिखट, दोन आमसुलं आणि ओलं खोबरं घातलं की वास बदलतोच. मला पुण्यात नोकरीच्या पहिल्या वर्षी कुठल्यातरी जिन्यात तो वास आला होता आणि मी तिथेच पायरीवर बसले होते. रडले म्हटलं तरी चालेल.

पण मी काही साधू नाही. आमच्या शेजारी कुत्रा घरच्या ताटात जेवतो, त्याच ताटात मग माणसं. ताट घासतात, गरम पाण्याने घासतात, मी पाहिलंय. तरी त्यांच्याकडे चहासुद्धा घशाखाली उतरत नाही माझ्या. आणि खरं सांगू, ती बाई मला मनातून जरा हलकीच वाटते. का, ते सांगता येत नाही.

पाटीपेन्सिल

खाडीकाठ, तुमच्या दुसऱ्या परिच्छेदात अख्खा विषय आला.

पॉल रोझिन यांचा जुना प्रयोग आहे. फळांच्या रसाच्या पेल्यात मेलेलं झुरळ क्षणभर बुडवून काढायचं. लोक रस पीत नाहीत. मग सांगायचं की झुरळ निर्जंतुक केलेलं आहे. तरी पीत नाहीत. म्हणजे घंटा जंतूंसाठी बसवलेली असेल, पण जंतू नाहीत हे सांगून ती बंद होत नाही. एकदा शिवलं की शिवलं, किती शिवलं याला महत्त्व नाही. आपल्याकडे यासाठी 'उष्टं' हा एवढासा शब्द पुरतो.

आता हेच माणसांच्या बाबतीत लावा. राग आणि किळस यांत मोठा फरक आहे. राग विचारतो, मुद्दाम केलंस का? चुकून झालं, माफ कर म्हटलं की निम्मा उतरतो. किळस असलं काही विचारत नाही. लिआन यंग आणि रिबेका सॅक्स यांनी २०११ मध्ये लोकांना दोन प्रकारचे प्रसंग दिले. एकात कुणीतरी दुसऱ्याला इजा करतो, दुसऱ्यात जवळच्या नात्यात शरीरसंबंध येतो. दोन्हींत एकदा जाणूनबुजून आणि एकदा अजाणता. इजेच्या प्रसंगात 'अजाणता' म्हटल्यावर लोकांनी खूप सूट दिली. नात्याच्या प्रसंगात, त्या दोघांना आपलं नातं ठाऊकच नव्हतं असं लिहूनही, सूट बरीच कमी मिळाली.

तुमच्या मीटिंगमध्ये कुणी विचारलं का, की त्या बाईंना तक्रारी माहीत आहेत का? दार-खिडकीची वेळ ठरवून चालेल का? पार्किंगच्या भांडणात हे सगळं विचारलं जातं, कारण तिथे राग असतो. तासभर लागतो तो त्यामुळेच. किळस सहा मिनिटांत उरकते.

कट्टेकरी

नाही. कुणीच विचारलं नाही. त्यांना बोलावलंसुद्धा नव्हतं.

रात्रपाळी

मी स्टाफ नर्स आहे, बावीस वर्षं. किळस सवयीने मरते हे सगळ्यांना माहीत असतं, पण कशी मरते ते बाहेरच्यांना कळत नाही. ती जिथे सवय झाली तेवढ्यापुरतीच मरते. बेडपॅन, उलटी, पू, मला काही वाटत नाही. पण आजही घरी बेसिनच्या जाळीत अडकलेला भाताचा गोळा काढताना अंगावर काटा येतो.

एक आठवण. रात्री दोनच्या सुमाराला एकाला आणलं, दारू प्यायलेला, उलटीत भरलेला, चप्पल एकच. माझ्याबरोबर नवी मुलगी होती, तिसरी-चौथी रात्रपाळी असेल तिची. हातमोजे घालता घालता म्हणाली, "असल्या नालायक लोकांमुळे खऱ्या पेशंटला बेड मिळत नाही." मी काही बोलले नाही. दोघींनी मिळून त्याला पुसलं, कपडे बदलले, चादर बदलली, केसातली घाण काढायला वेळ लागला. पहाटे सलाईन बदलायला ती गेली तेव्हा ऐकलं, "काका, हात सरळ ठेवा हं." तोच माणूस, दारू तीच. तिचं मत बदलवणारं काही नवीन कळलंही नव्हतं.

शास्त्रशुद्ध

हा तर माझ्याच बाजूचा पुरावा! घाण गेली, मत बदललं.

पाटीपेन्सिल

घाण त्याच माणसाच्या अंगावर होती, म्हणून हा स्प्रेचा पुरावा नाही. शिवाय पुसताना, कपडे बदलताना तिचा हात त्याला लागला होता. मत पाण्याने बदललं की हाताने, हे एका रात्रीवरून सांगता येणार नाही. पण प्रसंग मी विसरणार नाही, रात्रपाळी.

दासगावकर

शास्त्रशुद्ध यांच्या 'किळशीत शहाणपण असणार' या वाक्यावर यायचं होतं, मी महाडजवळचा आहे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्याले. त्यानंतर गावातल्या सवर्णांनी तळं 'शुद्ध' केलं. कसं? शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरी तळ्यात बुडवून आणि मंत्र म्हणून. त्याच तळ्यावर गुरं पाणी पीत, त्याचा विटाळ कुणाला नव्हता. माणूस प्याला की पाणी बाटलं, आणि शेण घातलं की चोख झालं.

आता सांगा, या घंटेला जंतू कळत होते का? दहा वर्षांनी, १९३७ मध्ये, उच्च न्यायालयात तळ्याचा खटला अस्पृश्यांच्या बाजूने लागला. पण पोटात ढवळणं न्यायालयाच्या हुकमाने थांबलं असेल असं मला वाटत नाही. आमच्या आळीत वेगळा कप मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय, आणि मी काही १९२७ चा नाही.

शास्त्रशुद्ध

हे उदाहरण मी नाकारत नाही, नाकारणार कसं. पण ती किळस होती का? ती सत्ता होती. 'विटाळ' हे नाव देऊन सत्ता राखली. शेतात, बाळंतपणात, मेलेलं ढोर ओढताना याच लोकांचे हात चालत होते. खरी किळस असती तर तिथेही आली असती.

दासगावकर

काम चालत होतं, पाणी चालत नव्हतं. तुम्ही म्हणता सत्ता आणि किळस वेगळ्या. लहान मुलाला पहिल्यांदा "शी, तिकडे नको खाऊ" सांगितलं जातं तेव्हा त्याला सत्ता कळत नाही, 'शी' कळते. मोठेपणी तो प्रामाणिकपणे सांगतो, मला खरंच नाही जात हो घशाखाली. आणि खरंच जात नसतं. वर खाडीकाठ ताईंनी कुत्र्याच्या ताटाचं जे लिहिलंय, तसंच.

खाडीकाठ

हे लागलं. पण बरोबर आहे.

पाटीपेन्सिल

या दोघांचा वाद शास्त्रातही मिटलेला नाही. माणूस 'किळस येते' म्हणतो तेव्हा ती पोटातली असते की रागाला दिलेलं जोरदार नाव, हे कसं ओळखायचं? २००९ मध्ये हॅना चॅपमन आणि सहकाऱ्यांनी चेहऱ्यावर इलेक्ट्रोड लावून पाहिलं. वरचा ओठ उचलणारा, नाकाशेजारचा एक स्नायू असतो. कडू पेय प्यायल्यावर तो आखडला, घाणेरडे फोटो पाहून आखडला, आणि पैशांच्या वाटणीत समोरच्याने दहा डॉलरमधला एकच पुढे सरकवला तेव्हाही आखडला. मराठीत याला नाक मुरडणं म्हणतात आणि अन्यायापुढेही आपण ते मुरडतोच. पण टीकाकार म्हणतात, तो स्नायू रागातही हलतो. मग काय मोजलं?

आणखी एक घोळ सांगते, मासळीचाच. रिचर्ड श्वेडर आणि सहकाऱ्यांनी भुवनेश्वरमध्ये लोकांना कितीतरी प्रसंग विचारले, १९८७ ला छापलं. त्यात एक होता : विधवा आठवड्यातून दोन-तीनदा मासे खाते. तिथल्या ब्राह्मणांनी हे फार गंभीर पाप ठरवलं, अमेरिकेतल्यांना यात काय चूक ते कळेना. सहज वाटतं, ही किळस. पण भुवनेश्वरच्या लोकांना विचारलं तर ते 'शी' म्हणून थांबले नाहीत. मासा उष्ण, वासना चाळवतो, त्याने मृत पतीच्या आत्म्याला त्रास होतो, अशी कारणं दिली. त्यांच्या लेखी तिथे कुणाचं तरी खरंखुरं नुकसान होत होतं. ही कारणं आधीची की 'शी' आधीची? मानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट म्हणेल 'शी' आधीची, कारणं मागून शोधलेली. श्वेडरला ते मान्य होणार नाही. मी वर्गात दोन्ही बाजू शिकवल्या आणि दर वर्षी माझं मत बदललं.

मात्र एक गोष्ट शिकता येते, हे दिसलंय. हाइटनेच १९९३ मध्ये ब्राझील आणि फिलाडेल्फियात लोकांना विचारलं होतं : गाडीखाली मेलेला घरचा कुत्रा शिजवून खाल्ला, कुणी पाहिलं नाही, तर? फिलाडेल्फियातले शिकलेले, सुस्थितीतले लोक बहुतेक म्हणाले, किळस येते, पण हा त्यांचा प्रश्न. ब्राझीलमधल्या गरीब वस्तीतल्यांनी थांबवलं पाहिजे म्हटलं. म्हणजे किळस दोघांनाही होती. तिच्यावरून निकाल लावायचा की नाही, ही सवय वेगळी.

गवती चहा

सोसायटीच्या उपविधींमध्ये मांसाहार करणाऱ्या भाडेकरूला काढायचं कलम कुठलं, ते आधी बघा. मला नाही वाटत तुम्हाला सापडेल. मालकाने उलट पत्र दिलं तर सेक्रेटरी म्हणून तुम्हीच उभे राहणार.

चहाबाज

ते आलं खाऊन नैतिकता कमी होते असं काहीतरी वाचलं होतं, खरं का? आलेपाकाची एक बरणी मीटिंगला ठेवा.

पाटीपेन्सिल

नैतिकता नाही हो, कडकपणा. कॅनडात जेसिका ट्रेसी यांनी २०१९ मध्ये आल्याच्या कॅप्सूल देऊन पाहिलं. मळमळ कमी झाली की सोवळ्या-ओवळ्याच्या प्रकारच्या चुकांवरचे निकाल जरा सौम्य झाले, तेही मध्यम चुकांवरचे. फार किळसवाण्या प्रसंगांत फरक नाही. दुसऱ्याला इजा करण्याच्या प्रसंगांतही नाही. स्प्रेची गत पाहिल्यावर मी यावर पैज लावणार नाही. आलेपाक तसाच खा.

कट्टेकरी

एवढं वाचून काल संध्याकाळी अध्यक्षांकडे गेलो. पत्र अजून मालकाला गेलेलं नव्हतं, शिक्का मारायचा राहिला होता. म्हटलं, 'अस्वच्छता' शब्द काढू, 'वासाबद्दल तक्रारी' लिहू, आणि त्या बाईंना आधी बोलावू. अध्यक्ष म्हणाले, "शब्दाने काय फरक पडतो? वास तर येतोच ना?"

मी म्हटलं, वासावर एक्झॉस्ट फॅन बसवता येतो, अस्वच्छ माणसावर काय बसवणार? ते हसले, पण सही केली नाही. रविवारी परत मीटिंग आहे. सातातले चार जण जुन्याच पत्राच्या बाजूने आहेत, हे मला आत्ताच ठाऊक आहे. आणि खोटं कशाला बोलू, जिन्यातून जाताना तो वास आला की माझंही नाक मुरडतं. काल पण मुरडलं.

खाडीकाठ

त्यांना म्हणावं भाजताना तव्यावर झाकण ठेवा आणि मागची खिडकी उघडा. मी तेच करते. आणि मीटिंगला बोलावलंत तर त्यांना खुर्ची द्या, उभं ठेवू नका.

गवती चहा

मीटिंग परत पार्किंगमध्येच का? चेंबरचं काय झालं ते सांगितलंच नाहीत.